दोन फाउंड्र्या, एक ऑर्डर बुक: कुठे किती टन ओतायचे?

"कागलात टन ८८ हजाराला पडतोय, शिरोलीत ८३ हजाराला. मग कागलात ओतायचं कशाला?"

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमालकांनी महिन्याच्या बैठकीत कॉस्टशीट माझ्यापुढे सरकवत हा प्रश्न केला. त्यांच्या दोन फाउंड्र्या. एक शिरोली एमआयडीसीत, जुनी, कर्ज कधीच फिटलेलं. दुसरी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, नवी भट्टी, नवी मोल्डिंग लाइन आणि बँकेचा हप्ता. शीटमधली बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती, पण तिच्यावरून निघालेला निष्कर्ष नेमका उलटा होता. शिरोलीत टाकलेला प्रत्येक टन त्यांना पाच हजारांनी महाग पडत होता.

हे कसं, आणि मग वाटणी कशी ठरवायची, ते याच उदाहरणावरून टप्प्याटप्प्याने पाहू. हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच राहील.

## आधी शीटमधला घोळ

महिन्याची ऑर्डर ४५० टन. त्यातले २०० टन शिरोलीत ओतले, २५० कागलात. बदलता खर्च, म्हणजे टन ओतला तरच होणारा खर्च, शिरोलीत टनाला ७७,००० आणि कागलात ७२,००० रुपये. महिन्याचा स्थिर खर्च शिरोलीत १२ लाख, कागलात ४० लाख. कागलच्या ४० लाखांत व्याज आणि घसारा मिळूनच २३ लाख आहेत.

अकाउंटंटने स्थिर खर्च टनांनी भागला. शिरोलीत टनाला ६,००० आले, म्हणून ८३,०००. कागलात १६,००० आले, म्हणून ८८,०००. दोन्हीकडचा एकूण खर्च ३ कोटी ८६ लाख.

आता मालकांच्या म्हणण्याप्रमाणे शिरोली तिच्या क्षमतेइतकी, म्हणजे २४० टनांपर्यंत चालवली आणि कागलात २१० टन ठेवले. पुढच्या महिन्याच्या शीटवर शिरोलीचा टन ८२,००० दिसेल आणि कागलचा ९१,०००. "बघा, मी म्हणत होतो!" असं वाटायला शीट पूर्ण वाव देते. पण तळाची बेरीज ३ कोटी ८८ लाख होते. दोन लाख जास्त गेले, आणि शीटने तर मालकांचीच बाजू घेतली. या घोळाचं खरं दुखणं हेच आहे. चुकीचा निर्णय पुढच्या महिन्याच्या आकड्यांत बरोबर ठरल्यासारखा दिसतो, आणि माणूस त्याच वाटेने आणखी पुढे जातो.

कारण साधं आहे. कागलात २५० टन ओता नाहीतर २१०, बँक १४ लाख व्याज घेतेच. टन शिरोलीला हलवला म्हणून व्याजातला एक रुपयाही कमी होत नाही. हलतो तो फक्त बदलता खर्च, आणि तो कागलात पाच हजारांनी कमी आहे. म्हणून दोन्ही फाउंड्र्या चालूच राहणार असतील, तर वाटणीच्या कागदावर स्थिर खर्चाची ओळच नको. किंमत ठरवताना आणि बँकेला दाखवताना तो खर्च लागतो. वाटणीच्या प्रश्नात त्याला जागा नाही.

## पायरी पहिली: बदलता खर्च चांगल्या टनावर काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं. नेहमीची चूक म्हणजे खर्च वितळवलेल्या टनावर काढणं. ग्राहक पैसे देतो ते पास झालेल्या कास्टिंगच्या टनाचे.

शिरोलीत ओतलेल्या धातूपैकी ६५ टक्के कास्टिंगमध्ये जातो, बाकीचा रनर-रायझरमध्ये परत येतो. त्या कास्टिंगांतली ८ टक्के रिजेक्ट होतात. म्हणजे १ टन चांगला माल मिळायला १.६७ टन वितळवावं लागतं. कागलात ७० टक्के आणि ४ टक्के हे आकडे आहेत, तिथे १.४९ टनांत काम भागतं.

आता विजेकडे पाहा. शिरोलीची भट्टी वितळवलेल्या टनाला ६८० युनिट खाते, कागलची ५८०. फरक १०० युनिट, ९ रुपये दराने ९०० रुपये. एवढाच फरक लक्षात घेऊन बरेच जण थांबतात. पण चांगल्या टनावर हिशोब केला की शिरोलीत १,१३७ युनिट लागतात आणि कागलात ८६३. फरक २७४ युनिट, जवळजवळ अडीच हजार रुपये. नुसत्या भट्टीच्या मीटरवर यातला जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. बाकीचा रनर-रायझर आणि रिजेक्शनमध्ये लपलेला असतो.

रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत जातो, त्यामुळे धातू फारसा बुडत नाही. बुडतो तो वितळताना होणारा घट, साधारण ४ टक्के. पण त्या मालावर खर्च झालेली वीज, वाळू, मजुरी परत येत नाही. म्हणून खालच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ चांगल्या टनाची आहे.

| खर्च (रुपये, चांगल्या टनाला) | शिरोली | कागल |
|---|---|---|
| स्क्रॅप, पिग आयर्न (घट धरून) | ४४,८०० | ४४,५०० |
| फेरो अलॉय, कार्बन | ३,५०० | ३,५०० |
| वीज (फक्त युनिटचा आकार) | १०,२०० | ७,८०० |
| वाळू, बेंटोनाइट, कोअर | ४,५०० | ५,७०० |
| मोल्डिंगची टनावरची मजुरी | ६,५०० | ३,००० |
| फेटलिंग, शॉट ब्लास्ट | ६,००० | ६,००० |
| भट्टीचं लायनिंग, किरकोळ | १,५०० | १,५०० |
| एकूण | ७७,००० | ७२,००० |

दोन गोष्टी मुद्दाम पाहा. विजेच्या ओळीत डिमांड चार्ज धरलेला नाही. तो महिन्याचा आकार आहे, टनाचा नाही. वीजबिलाची शेवटची रक्कम टनांनी भागून इथे लिहिली, तर स्थिर खर्च मागच्या दाराने आत येतो आणि कमी चाललेला प्लांट विनाकारण महाग दिसतो. दुसरं, मजुरीत फक्त टनावर दिली जाणारी मजुरी आहे. पगारी कामगार त्या दिवशी कमी मोल्ड झाले म्हणून अर्धा पगार घेत नाही, तेव्हा तो स्थिर खर्चात जातो.

दोन्ही ठिकाणांहून माल पुण्याकडेच जातो आणि भाडं जवळजवळ सारखं पडतं, म्हणून वाहतुकीची ओळ नाही. तुमचे प्लांट दूर असतील, एक नाशिकला आणि एक कोल्हापूरला, तर भाडं प्रत्येक ग्राहकाप्रमाणे वेगळं धरावं लागेल. मग तक्ता प्लांटचा राहणार नाही, "प्लांट ते ग्राहक" असा होईल.

## पायरी दुसरी: स्वस्त प्लांट आधी भरा, पण "भरला" म्हणजे काय ते ठरवा

बदलता खर्च दोन्हीकडे टनामागे ठरलेला असेल तर नियम एका ओळीचा आहे. कमी बदलत्या खर्चाचा प्लांट क्षमतेपर्यंत भरायचा, उरलेलं दुसऱ्याकडे. इथे कागलात ४०० टन, शिरोलीत ५०. एकूण खर्च ३ कोटी ७८ लाख ५० हजार, आधीपेक्षा साडेसात लाख कमी. याच वाटणीत शीटवर शिरोलीचा टन १ लाख १ हजारांचा दिसेल. घाबरायचं कारण नाही. स्थिर १२ लाख फक्त ५० टनांवर पडले, एवढाच त्याचा अर्थ.

आता कागलची ४०० टनांची क्षमता कुठून आली? भट्टीच्या नेमप्लेटवरून नाही. कागलात अडचण मोल्डिंग लाइनची आहे. ती तासाला प्रत्यक्षात ६० मोल्ड देते. दिवसाचे १४ कामाचे तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर २१,००० मोल्ड होतात. सरासरी मोल्डमध्ये १९ किलो चांगला माल बसतो, म्हणून ४०० टन.

म्हणजे खरी मर्यादा टनांची नाही, मोल्डची आहे. मोल्डला १२ किलोचीच कास्टिंग लावली तर तीच लाइन २५२ टनांवर भरते, आणि भट्टीत धातू असूनही ओतायला मोल्ड नसतात. तुमच्याकडे अडचण नेमकी कुठे आहे हे कळायला मोठं शास्त्र लागत नाही. आठवडाभर संध्याकाळी शॉपमधून चक्कर मारा. ज्या मशीनसमोर माल साचलेला असतो आणि ज्याच्या पुढचे लोक वाट पाहत बसलेले असतात, ती तुमची मर्यादा. भट्टीवाला वितळलेला धातू धरून मोल्डची वाट पाहत असेल तर अडचण मोल्डिंगची. मोल्ड लावून धातूची वाट पाहत पडले असतील तर भट्टीची. कास्टिंगचा ढीग फेटलिंगपुढे असेल तर तिथली.

एकदा मर्यादा मोल्डची ठरली की, कोणता जॉब कागलात ठेवायचा आणि कोणता शिरोलीला द्यायचा, हा प्रश्न बदलतो. वरचे पाच हजार ही सगळ्या जॉबची सरासरी आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जॉबचा फरक वेगळा असतो.

एक जॉब जाड ब्रॅकेटचा आहे. मोल्डला २४ किलो, आणि शिरोलीपेक्षा कागलात टनाला ४,००० रुपये वाचतात. दुसरा पातळ भिंतीच्या कव्हरचा. मोल्डला १२ किलो. पातळ कास्टिंगमध्ये शिरोलीत रिजेक्शन जास्त, म्हणून कागलात टनाला ७,००० वाचतात. टनावर पाहिलं तर कव्हर कागलात हवं. पण कागलात मोजून मोल्ड आहेत, तेव्हा एका मोल्डमागे किती वाचतात ते पाहायचं. ब्रॅकेटच्या २४ किलोंवर ९६ रुपये वाचतात, कव्हरच्या १२ किलोंवर ८४. म्हणजे कागल भरलेलं असताना आधी ब्रॅकेट बसवायचं आणि जागा उरली तर कव्हर.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त पैसे इथेच निसटतात, कारण फाउंड्रीत सगळे टनात बोलतात. ऑर्डर टनात, पगाराचा बोनस टनात, मालकांचा सकाळचा फोनही "काल किती टन झाले?" असा. प्रत्येक जॉबपुढे तीन आकडे लिहा: मोल्डला किती किलो, टनाला किती बचत, आणि त्यावरून मोल्डला किती बचत. शेवटच्या आकड्याप्रमाणे उतरत्या क्रमाने यादी लावा. २१,००० मोल्ड जिथे संपतील तिथे रेघ मारा. रेघेच्या खालचं शिरोलीत.

## पायरी तिसरी: शिरोली चालू ठेवायची का?

आतापर्यंत दोन्ही प्लांट चालूच राहणार असं धरलं होतं. पण शिरोलीत फक्त ५० टन राहिले की मालक लगेच विचारतात, मग ती महिनाभर बंदच ठेवली तर? आता स्थिर खर्चाला परत बोलवावं लागतं, पण सगळ्याला नाही. शिरोली बंद ठेवली तर खरोखर वाचेल तेवढ्यालाच.

शिरोलीचे १२ लाख असे आहेत: डिमांड चार्ज ४, पगार ४, देखभाल आणि विमा २, सुरक्षा व ऑफिस ०.८, घसारा १.२. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा. या महिन्यात गेट बंद ठेवलं तर यातलं किती हातात उरेल?

घसाऱ्यातलं काहीच नाही, तो कागदावरचा आकडा आहे. कायम कामगारांचा पगार जवळजवळ सगळा द्यावाच लागतो, ले-ऑफ केलं तरी कायद्याप्रमाणे लागू असेल ती भरपाई असते. पण कंत्राटी सुपरवायझर, जादा हेल्पर यांचे १.२ लाख वाचतात. देखभालीतले ८० हजार, सुरक्षा-ऑफिसमधले ५० हजार. डिमांड चार्जमध्ये लोकांचा अंदाज हमखास चुकतो. भट्टी बंद म्हणजे ४ लाख वाचले, असं नसतं. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या आणि मागच्या महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीच्या ठरावीक हिश्श्यावर किमान बिल बांधलेलं असतं. शिरोलीत यातून जेमतेम १ लाख वाचेल असं धरू. जास्त वाचवायचं असेल तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज द्यावा लागतो, आणि मग पुन्हा वाढवायला वेळ आणि पैसा. एकूण टाळता येणारा खर्च ३.५ लाख निघतो, १२ लाख नाही.

शिरोली बंद ठेवायची तर तिचे ५० टन कागलातच बसवावे लागतील. सुट्टीच्या दिवशी आणि जादा तासांत कागल महिन्याला आणखी ५० टन काढू शकतं, पण ते टन महाग आहेत. जादा वेळेची मजुरी कायद्यानेच दुप्पट दराने द्यावी लागते, रात्री उशिरा रिजेक्शन वाढतं, सुपरवायझरला थांबवावं लागतं. सगळं धरून हे जादा टन ७९,००० ला पडतात.

आता दोन पर्याय समोरासमोर ठेवा. शिरोलीत ५० टन: ७७,००० प्रमाणे ३८.५ लाख आणि टाळता येणारे ३.५ लाख, मिळून ४२ लाख. कागलात जादा वेळेत ५० टन: ३९.५ लाख. टनावर शिरोली दोन हजारांनी स्वस्त असूनही तिला बंद ठेवणं अडीच लाखांनी फायद्याचं आहे.

ऑर्डर ४७० टनांची आली की गंमत होते. कागल जादा वेळेसकट ४५० च्या पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा २० टनांसाठी शिरोली उघडावी लागेल. बहुतेक जण कागल ४५० आणि शिरोली २० अशी वाटणी करतात, जणू शिरोली फक्त सांडलेलं भरून घ्यायला आहे. ते चूक आहे. एकदा गेट उघडलं, ३.५ लाख गेलेच. त्यानंतर शिरोलीचा पुढचा टन ७७,००० चा आणि कागलचा जादा वेळेतला ७९,००० चा. म्हणून कागलचा सगळा ओव्हरटाइम थांबवायचा आणि कागल ४००, शिरोली ७० अशी वाटणी करायची. एक लाख वाचतात, आणि कागलच्या पोरांना रविवार मिळतो.

हे दर महिन्याला हाताने करायची गरज नाही. एक्सेलमध्ये B1 या खान्यात महिन्याची ऑर्डर टनांत लिहा आणि बाजूला ही दोन सूत्रं टाका. पहिलं शिरोली बंद ठेवण्याचं, दुसरं उघडी ठेवण्याचं. दुसरं सूत्र ६९० टनांपर्यंतच खरं आहे, त्यापुढे क्षमताच नाही.

```
=IF(B1<=450, MIN(B1,400)*72000+MAX(B1-400,0)*79000, "NA")
=MIN(B1,400)*72000+MIN(MAX(B1-400,0),240)*77000+MAX(B1-640,0)*79000+350000
```

४५० ला पहिलं ३ कोटी २७.५ लाख देतं, दुसरं ३ कोटी ३० लाख. ४७० ला पहिलं बाद होतं आणि दुसरं ३ कोटी ४५.४ लाख देतं. (दोन्हींत कुठल्याही परिस्थितीत जाणारा स्थिर खर्च धरलेला नाही, म्हणून हे आकडे वरच्या एकूण खर्चाशी जुळवू नका.)

याच दोन आकड्यांतून विक्रीच्या माणसाला लागणारी एक गोष्ट मिळते. ४५० वरून ४७० वर जायला १७.९ लाख जास्त लागतात, म्हणजे त्या शेवटच्या २० टनांचा टन ८९,५०० ला पडतो. ग्राहक ९२,००० देत असेल तर घ्या, पण ५० हजारांसाठी अख्खा प्लांट उघडतोय हे लक्षात ठेवून. ८८,००० वर भाव तोडायला लागला तर नम्रपणे पुढच्या महिन्याची तारीख द्या. तीच २० टनांची ऑर्डर शिरोली आधीच चालू असताना आली, तर तिचा खर्च फक्त ७७,००० आहे आणि ८८,००० चा भाव चांगलाच म्हणायचा. भाव तोच, ग्राहक तोच, उत्तर वेगळं. कारण प्लांटची स्थिती वेगळी.

## कागदावर जमतं, शॉपमध्ये अडतं

हा हिशोब मांडल्यावर मालकांनी दुसऱ्याच दिवशी १५० टन हलवायला सांगितले. प्रॉडक्शनवाल्यांनी डोक्याला हात लावला, आणि त्यांचं बरोबर होतं.

पहिली अडचण पॅटर्नची. शिरोलीचे पॅटर्न तिथल्या बॉक्सच्या मापाचे आहेत, ते कागलच्या लाइनवर तसेच बसत नाहीत. नवी प्लेट करावी लागते. एका जॉबला दीड लाख खर्च धरा. महिन्याला ६ टनांचा जॉब टनाला ५,००० वाचवत असेल तर महिन्याला ३० हजार, म्हणजे पाच महिन्यांत प्लेटचे पैसे फिटतात. महिन्याला १ टनाचा जॉब असेल तर अडीच वर्षं. असले जॉब शिरोलीतच राहू द्या, पहिल्या दिवसापासून.

दुसरी अडचण ग्राहकाची. वाहन उद्योगातला ग्राहक असेल तर उत्पादनाची जागा बदलली की त्याला कळवून नव्याने पीपीएपी मंजुरी घ्यावी लागते. न सांगता हलवलेला जॉब पकडला गेला, तर वाचलेले पाच हजार एका तक्रारीत जातात. मंजुरीला लागणारा वेळ धरून आठवड्यांचं वेळापत्रक करा. सुरुवात मोल्डला सर्वाधिक बचत देणाऱ्या जॉबपासून.

तिसरी अडचण कमी लोडवर चालणाऱ्या भट्टीची. शिरोलीतले ७७,००० हे भट्टी सलग चालते तेव्हाचे आहेत. ७० टन महिनाभर रोज थोडे थोडे ओतले, तर भट्टी रोज थंड होते, रोज नव्याने तापवावी लागते, टनाला लागणारे युनिट ६८० वर थांबत नाहीत, आणि वारंवार गरम-थंड झाल्याने लायनिंगला भेगा जातात. म्हणून शिरोलीचे टन साठवून सलग सात-आठ दिवसांत ओता आणि उरलेले दिवस भट्टी बंद ठेवा. असं केलं नाही, तर तिसऱ्या पायरीचा सगळा हिशोब ७७,००० या खोट्या आकड्यावर उभा राहतो. ओळखायचं कसं? भट्टीचं मीटर रोज वाचा आणि त्या दिवशीच्या वितळवलेल्या टनांनी भागा. सोमवारचा आकडा बुधवारपेक्षा ठळक जास्त येत असेल, तर थंड सुरुवातीची किंमत तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

## वाटणी पुन्हा कधी तपासायची

मालकांच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा स्क्रॅपच्या भावावर होते. गंमत म्हणजे वाटणीशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. स्क्रॅप टनाला पाच हजारांनी वाढलं तर दोन्हीकडचा खर्च वाढतो, दोघांतला फरक मात्र चाळीस रुपयेही हलत नाही, कारण दोन्हीकडे चांगल्या टनाला जवळजवळ तेवढाच धातू लागतो. नफ्याला भोक पडेल, पण टन कुठे ओतायचा याचं उत्तर तेच राहील.

विजेचा दर युनिटला एक रुपयाने वाढला तर फरक पावणेतीनशे रुपयांनी कागलच्या बाजूने वाढतो. दर दिवसाच्या तासांप्रमाणे बदलत असेल, तर चालू टॅरिफमधले सवलतीचे तास पाहून शिरोलीची सात-आठ दिवसांची पाळी त्यांत बसवा. तिथे टनाला युनिट जास्त जळतात, म्हणून टनामागे सवलतीचा फायदाही तिथेच जास्त.

खरा काटा हलतो तो कागलच्या रिजेक्शनने. ते ४ वरून १० टक्क्यांवर गेलं, तर वीज, वाळू, मोल्डिंग, फेटलिंग सगळ्या ओळी वाढून कागलचा टन दीड ते दोन हजारांनी महागतो. शिवाय लाइनवरचे तेवढे मोल्ड वाया जातात, म्हणजे ४०० टन ३७५ वर येतात. खर्च वाढतो आणि क्षमता घटते, दोन्ही एकदम. नव्या लाइनवर वाळूची ओल बिघडली तर हे आठवड्यात होऊ शकतं, आणि महिनाअखेरच्या शीटवर दिसेपर्यंत निम्मा महिना चुकीच्या वाटणीत गेलेला असतो. म्हणून आता त्या बैठकीत पहिला कागद कागलच्या रोजच्या रिजेक्शनचा असतो, दुसरा दोन्ही भट्ट्यांच्या युनिटचा. स्क्रॅपचा भाव चहाच्या वेळी निघतो.